ताळा आणि पदरमोड

चैत्र शुद्ध त्रयोदशीचा भगवान महावीर जन्मकल्याणक महोत्सव आटोपला, की समितीच्या सदस्यांना हायसे वाटते. शोभायात्रा पार पडलेली असते, स्वामिवात्सल्याच्या पंगती उठलेल्या असतात, मंडपाचे कापड उतरलेले असते. सचिवांना मात्र अजून मोकळीक नसते. त्यांचे शेवटचे काम व्हायचे असते : भांडी, सजावटीचे साहित्य आणि रोकड पुढील वर्षाच्या समितीच्या स्वाधीन करणे आणि तसे पत्र लिहून देणे.

शहाद्याजवळच्या लोणखेडा येथे राहणाऱ्या अशाच एका सचिवांची आणि त्यांच्या पत्राची ही हकिकत आहे. नावांची येथे गरज नाही. अशी समिती गावोगावी असते, आणि तिच्या वहीतले आकडेही थोड्याफार फरकाने असेच असतात.

२०२५ साली जन्मकल्याणक १० एप्रिल रोजी आले. सचिवांनी हस्तांतरणासाठी २७ एप्रिलचा रविवार ठरवला. त्यामागे कारण होते. ३० एप्रिलला अक्षय तृतीया होती. जैन घरांत हा वर्षीतपाच्या पारण्याचा दिवस. खानदेशात हीच आखाजी. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे सुरू होते. मालक आणि सालदार समोरासमोर बसून वर्षभराची उचल वजा करतात. हिशेब आखाजीपूर्वी मिटवावा, ही या मातीतली जुनी समजूत आहे. सचिवांचा विचार त्याहूनही व्यावहारिक होता. आखाजीपासून पारण्यांसाठी आणि लग्नांसाठी समितीची भांडी मागायला माणसे येऊ लागतात. एकदा पहिले पातेले बाहेर गेले, की ‘महोत्सव संपला तेव्हा किती होते’ या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता येत नाही. म्हणून मोजणी पहिल्या मागणीच्या आधी व्हायला हवी होती.

मोजणीला त्यांनी एकट्याने हात लावला नाही. नव्या समितीचे सचिव म्हणून निवडलेला तरुण शहाद्यात एका खासगी नोकरीत होता. त्याला त्यांनी सकाळी सातलाच बोलावून घेतले. देणाऱ्याने मोजावे आणि घेणाऱ्याने विश्वास ठेवावा, ही पद्धत प्रेमळ दिसते. पण तिच्यात पुढे उद्भवणाऱ्या प्रत्येक शंकेचे बीज असते. देणारा आणि घेणारा यांनी एकाच वेळी, एकाच वस्तूकडे पाहून आकडा उच्चारावा, एकाने लिहावा आणि दुसऱ्याने सही करावी, एवढेच या कामाचे सूत्र आहे.

सुरुवात ताटांपासून झाली. जडवस्तूंच्या नोंदवहीत स्टीलची ताटे ४०० अशी नोंद होती. पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावल्या. पंधरा पूर्ण थप्प्या झाल्या आणि शेवटची एकवीसची भरली, म्हणजे ३९६. तरुणाने ‘चार कमी’ असे लिहिण्यासाठी लेखणी उचलली, तेव्हा सचिवांनी त्याला थांबवले आणि प्रत्येक ताट उलटे करायला सांगितले. समितीच्या ताटांच्या मागे कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली आद्याक्षरे आहेत. ३९६ पैकी नऊ ताटांवर ती नव्हती. काहींवर दुसऱ्याच कोणाची नावे होती. मोठ्या पंगतीत घरून आणलेली, शेजारच्या मंगल कार्यालयाची आणि समितीची ताटे एकाच टाकीत धुतली जातात आणि एकमेकांत मिसळतात. समितीची स्वतःची ताटे ३८७ निघाली. कमतरता चारची नव्हती, तेराची होती. शिवाय नऊ ताटे लोकांना परत करायची होती.

पितळी पातेल्यांची गत याहून वेगळी होती. नोंदवहीत तीन आणि समोरही तीन. संख्येचा ताळा बरोबर. परंतु जुन्या माणसांनी नोंदवही लिहिताना पितळेच्या आणि तांब्याच्या प्रत्येक भांड्यापुढे वजन लिहून ठेवले होते. पितळेची किंमत वजनावर ठरते, म्हणून त्यांनी ती काळजी घेतली. सचिवांनी शेजारच्या धान्याच्या दुकानातून काटा मागवला. दोन पातेली नोंदीप्रमाणे भरली. तिसरे ११ किलो ४०० ग्रॅम असायला हवे होते, ते ९ किलो ७५० ग्रॅम भरले. घासून झिजण्याने किंवा कल्हई उतरल्याने दीड किलोहून अधिक पितळ जात नाही. बुडाकडे पाहिले, तर नाव कोरलेले नव्हते. कधीतरी हे पातेले एखाद्या घरी कार्याला गेले असावे आणि परत येताना त्या घरचे तेवढ्याच आकाराचे पातेले आले असावे. कोणी लबाडी केली असे मानण्याचे कारण नव्हते; भांडी घासणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसली असतील. पण मोजणारा केवळ ‘तीन’ म्हणून पुढे गेला असता, तर ही अदलाबदल कधीच उघडकीस आली नसती.

पत्रात या भागाची भाषा अगदी साधी आहे. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी आहेत : वहीतील नोंद, प्रत्यक्ष मोजणी, फरक आणि फरकाविषयी जे ठाऊक आहे तेवढेच. ताटांपुढे ‘फरक १३, कारण ठाऊक नाही, परकी ताटे ९ वेगळी बांधून ठेवली आहेत’ असे आहे. पातेल्यापुढे ‘संख्या बरोबर, वजनात १ किलो ६५० ग्रॅम घट, पातेले समितीचे नसावे, ज्या घरांनी वर्षभरात पितळी भांडी नेली त्यांची यादी उधारवहीत पान तीनवर आहे’ असे आहे. संशयित म्हणून एकाचेही नाव नाही.

भांड्यांच्या स्थितीचीही नोंद आहे, कारण मोजून दिलेले भांडे वापरण्याजोगे असतेच असे नाही. दोन पितळी पातेल्यांची आतली पांढरी कल्हई बुडाशी उडून पिवळे पितळ दिसू लागले होते. अशा भांड्यात कढी केली किंवा ताक ठेवले, तर ते कळकते. चव तुरट होते आणि खाणाऱ्याला मळमळते. ‘कल्हई केल्याशिवाय आंबट पदार्थांसाठी वापरू नयेत’ एवढे एक वाक्य त्या दोन पातेल्यांपुढे आहे. जर्मनच्या मोठ्या तपेल्यांची झाकणे स्वतंत्र मोजली आहेत, कारण तपेले चारजण उचलतात आणि ते हरवत नाही, झाकण हरवते. पाणी गाळण्याची गळणी मात्र मोजून देण्याऐवजी ‘नवी घ्यावीत’ असे लिहिले आहे. विरलेल्या कापडाचे गळणे संख्येत भरते, पण ज्या हेतूसाठी आपण पाणी गाळतो तो हेतू त्याने साधत नाही.

तेरा ताटांचा आकडा लिहिला जात असताना तरुण जरा अवघडला. तो म्हणाला, “काका, तेरा ताटं मी शहाद्याहून आणतो ना. नाव कोरून थप्पीत ठेवतो. एवढ्यासाठी कमी लिहायचं?”

सूचना वाईट हेतूची नव्हती. उलट आपल्या समाजात ती औदार्य म्हणून गणली जाते. अनेक समित्यांचा ताळा वर्षानुवर्षे असाच जमत आला आहे : सचिव किंवा कोषाध्यक्ष गुपचूप पदरमोड करतो, आणि वहीत सगळे बरोबर दिसते. सचिवांनी लगेच उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “आधी रोकड मोजू. मग बोलू.”

रोकडवहीप्रमाणे पेटीत ४६,३५० रुपये असायला हवे होते. नोटा मूल्याप्रमाणे वेगळ्या केल्या, दोघांनी दोनदा मोजल्या. ४१,८५० भरल्या. फरक ४,५०० रुपयांचा. पेटीच्या तळाशी दोन चिठ्ठ्या सापडल्या. एकीवर पाण्याच्या टँकरचे १,५०० रुपये, तारीख आणि टँकर आणणाऱ्याची सही होती. दुसरीवर ‘फुले ३,०००’ एवढेच. तारीख नाही, सही नाही, दुकानाचे बिल नाही. महोत्सवाच्या आदल्या रात्री कोणीतरी घाईने पैसे नेले होते, आणि परतल्यावर बिल द्यायचे राहून गेले होते. फुले आली होती, प्रभूंच्या रथावर सर्वांनी पाहिली होती. त्याबद्दल शंका नव्हती.

येथेही पदरमोडीचा मार्ग मोकळा होता. साडेचार हजार रुपये ही सचिवांना जड रक्कम नव्हती. घरून आणून पेटीत ठेवले असते आणि चिठ्ठ्या फाडून टाकल्या असत्या, तर रोकड आणि वही तंतोतंत जुळली असती, आणि एखाद्या जाणत्या सभासदाने पाठ थोपटली असती.

त्यांनी ते का केले नाही, हे त्यांनी त्या तरुणाला समजावून सांगितले. “मी पैसे घातले, तर वहीत फुलांचा खर्च पाच हजार दिसेल. खरा झालाय आठ हजार. तू पुढच्या वर्षी पाच हजारच धरशील आणि ऐनवेळी अडकशील. ताटांचंही तेच. दरवर्षी दहा-बारा ताटं जातात हे वहीत कुठं दिसतच नाही, म्हणून ताटं धुण्याच्या जागी माणूस बसवायचं कोणाला सुचत नाही.”

मग जरा थांबून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “आणि दुसरं असं, की माझं दुकान आहे, मला परवडतं. तुझा पगार आहे. पुढच्या वर्षी तुझ्या पेटीत चार हजार कमी भरले, तर लोक म्हणतील, काकांच्या वेळी ताळा बरोबर जमत होता, याच्याच वेळी का नाही? ज्याला पदरमोड परवडत नाही त्याच्यावर संशय यावा, अशी वही मी तुझ्या हातात देणार नाही.”

या एका वाक्यात पदरमोडीचा सारा दोष आला आहे. ती करणाऱ्याला पुण्य वाटते, पण तिचे ओझे पुढच्या माणसावर पडते. काही वर्षे असे चालले, की सचिवपद केवळ सुखवस्तू घरांचे होऊन बसते, आणि नोकरी करणारा तरुण किंवा विधवा भगिनी ते स्वीकारायला धजत नाही. ज्याला द्यायचेच आहे त्याच्यासाठी सरळ वाट आहे. त्याने देणगी द्यावी, तिची पावती घ्यावी. ती रक्कम जमेला आपल्या नावाने दिसू द्यावी, आणि तूट तुटीच्या जागी दिसू द्यावी. दोन्ही नोंदी खऱ्या राहतात.

चिठ्ठी ही रोकड नव्हे, हे तत्त्व धरून सचिवांनी दोन्ही चिठ्ठ्यांचा निकाल वेगवेगळा लावला. टँकरच्या चिठ्ठीवर तारीख आणि सही होती; अध्यक्षांची मंजुरी घेऊन ती खर्चात पडली, आणि वहीची शिल्लक ४४,८५० झाली. फुलांचे ३,००० मात्र खर्चात टाकले नाहीत. ज्या सदस्याने पैसे नेले त्याने ते मान्य केल्यावर त्याच्या नावे ‘उचल, बिल येणे’ अशी नोंद झाली. आता वहीप्रमाणे रोकड ४१,८५० आणि पेटीतही ४१,८५०. ताळा जमला, आणि त्यासाठी एकही रुपया बाहेरून आणावा लागला नाही. पत्रासोबत कोणत्या मूल्याच्या किती नोटा याचा तक्ता जोडला आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्या.

पैशाचा अधिक अवघड भाग यानंतरचा होता. बँकेच्या पासबुकात १,८४,२०० रुपये होते. रोकडीसह २,२६,०५०. हा आकडा ऐकून तरुणाचा चेहरा उजळला. पुढील वर्षी मंडप मोठा करता येईल, असे त्याच्या मनात आले असावे. सचिवांनी कोरा कागद घेऊन ही रक्कम त्याच्यासमोर उतरवायला सुरुवात केली.

त्यातले ३८,५०० रुपये जीवदयेचे होते. ते ज्या कारणासाठी लोकांनी दिले, त्या मुक्या प्राण्यांच्या चाऱ्यापाण्यासाठीच जायला हवेत. ७१,००० रुपये आरती आणि मंगलदीपाच्या बोल्यांचे होते. महोत्सव सर्व संप्रदायांनी मिळून साजरा केला असला, तरी या बोल्या मंदिरात प्रभूंच्या निमित्ताने झाल्या होत्या. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत ते देवद्रव्य. जिनमंदिर आणि जिनप्रतिमा यांखेरीज त्याचा विनियोग होऊ शकत नाही. गर्दीत समितीच्या पावतीपुस्तकावर पावत्या फाडल्या गेल्या, म्हणून ते पैसे समितीच्या खात्यात आले एवढेच. ते समितीचे झाले नाहीत. ५१,००० रुपये एका कुटुंबाने पुढील वर्षीच्या स्वामिवात्सल्याच्या नकऱ्यापोटी आगाऊ दिले होते. ते त्याच कामी लागायचे. हे सर्व वजा जाता ६५,५५० उरले. मंडपाचे २२,४०० रुपयांचे बिल अजून द्यायचे होते. अखेर मोकळेपणाने खर्च करता येईल अशी शिल्लक निघाली ४३,१५० रुपये.

सव्वादोन लाखांची शिल्लक पाहता पाहता त्रेचाळीस हजारांवर आली, आणि यात कोणाची चूक नव्हती. केवळ ‘शिल्लक २,२६,०५०’ असे लिहून दिले असते, तर पत्रातला एकही शब्द खोटा ठरला नसता. तरीही नव्या समितीने देवद्रव्यातून मिष्टान्न वाढले असते. आपल्याकडे देवद्रव्याच्या दोषाविषयी व्याख्याने पुष्कळ ऐकायला मिळतात. पण हा दोष बहुधा लोभातून घडत नाही. एकाच बँक खात्यात सर्व पैसे असतात आणि हस्तांतरणाच्या वेळी कोणी ते वेगळे करून सांगत नाही, त्यातून तो घडतो. म्हणून पत्रात शिल्लक खात्यांप्रमाणे लिहिली गेली, आणि ७१,००० रुपयांचा मंदिराच्या नावाचा धनादेश जुन्या समितीनेच त्या दिवशी सही करून दिला. जे आपले नाही ते पुढच्या माणसाच्या हातून पाठवण्याऐवजी आपल्याच हातून जावे, हे बरे.

बोलून राहिलेल्या रकमांची यादी निराळ्या कागदावर आहे. तिला शिल्लकेत स्थान दिलेले नाही. बोली ही कबुली आहे. पैसा हाती येईपर्यंत ती खर्चाचा आधार होऊ शकत नाही. यादीत नाव, रक्कम आणि कबुलीची तारीख आहे, आणि ती जाहीर वाचू नये अशी विनंती आहे. ज्याला उशीर झाला त्याच्या घरी दोघांनी जाऊन शांतपणे विचारावे, असे सचिवांनी सुचवले आहे.

पावतीपुस्तकांकडे बहुतेक समित्या दुर्लक्ष करतात. सचिवांनी त्यांना रोकडीइतकेच जपले. पन्नास पावत्यांची सात पुस्तके छापली होती. पाच पूर्ण वापरली गेली. सहावे २७१ पर्यंत वापरले गेले होते. २७२ ते ३०० कोऱ्या पावत्या मोजून दिल्या. चुकलेल्या तीन पावत्यांच्या दोन्ही प्रती ‘रद्द’ लिहून जागच्या जागी ठेवल्या होत्या. सातवे पुस्तक, ३०१ ते ३५०, एका स्वयंसेवकाकडे होते. तो नोकरीनिमित्त सुरतेला गेला होता आणि पुस्तक कोठे ठेवले हे त्याला आठवत नव्हते. कोरे पुस्तक म्हणजे समितीच्या नावाने कोणालाही पैसे गोळा करता येतील असा परवाना. म्हणून सभेत ठराव करून ते पुस्तक रद्द केले, ठरावाची प्रत पत्रास जोडली, आणि पुढील वर्षीच्या पावत्यांचा रंग बदलावा असे लिहिले.

सजावटीची पेटी उघडायला दुपार झाली. येथे मोजणी सर्वांत फसवी असते, कारण सजावटीच्या वस्तू संख्येने टिकतात आणि उपयोगाने संपतात. दिव्यांच्या २४ माळा होत्या. प्रत्येक माळ प्लगला लावून पाहिली, १७ पूर्ण पेटल्या. पत्रात १७ लिहिल्या आहेत. वर्ष आणि तारीख छापलेले फलक संख्येत धरले नाहीत. पंचरंगी ध्वजांवर वर्ष नसते, ते धरले. त्यातले उन्हाने विटलेले वेगळे केले. जुन्या पेटीत थर्माकोलचे तोरण आणि कमान निघाली. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. ते साहित्य पुढच्या समितीच्या गळ्यात न घालता नोंदीतून कमी केले.

मखमली पडदे आणि जरीचा चांदवा एक दिवस उन्हात देऊन, पूर्ण कोरडे करून, वेखंडाच्या कांड्या आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून बांधले. कसर लागल्यावर औषध मारण्याची पाळी येऊ नये, यासाठी ती लागूच न देणे हा आपल्या आचाराला धरून असलेला उपाय. आणि कापडही त्यानेच अधिक टिकते. ‘पर्युषणापूर्वी, पावसाच्या उघडिपीत, एकदा पेटी उघडून पाहावी’ अशी सूचना पत्रात आहे.

चांदीचा पाळणा आणि चौदा स्वप्ने या यादीत नाहीत. ती मंदिराची. शोभायात्रेपुरती आणली, परत पोहोचवली, मंदिराच्या व्यवस्थापकांची पोच घेतली. ती पोच पत्रास जोडली आहे. उसन्या वस्तू आपल्या यादीत लिहू नयेत, ही सचिवांची खास सूचना होती. तीन-चार वर्षे त्या दोन्हीकडच्या वह्यांत लिहिल्या गेल्या, की मालकीविषयी वाद उभा राहतो, आणि तोवर उसने देणारा आणि घेणारा दोघेही पदावर नसतात.

हा सारा खटाटोप केवळ आपसांतल्या समाधानासाठी नव्हता. समिती एका नोंदणीकृत न्यासाच्या छत्राखाली काम करते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील न्यासाचे हिशेब तपासताना लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते, की हातची रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का, आणि जंगम मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे का. त्यामुळे पत्राची तिसरी प्रत न्यासाकडे गेली. तेरा ताटांची तूट त्या नोंदवहीत रीतसर कमी होईल. अन्यथा वही चारशेवर थांबलेली आणि कोठीतली थप्पी दरवर्षी उतरत जाणारी, अशी दोन सत्ये वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी नांदतात.

पत्राचा शेवटचा परिच्छेद पुढच्या वर्षाविषयी आहे. पंचांग पाहूनच सचिवांनी तो लिहिला. त्यांचे शब्द असे : “२०२६ साली चैत्र शुद्ध त्रयोदशी ३१ मार्च रोजी येते. त्याच रात्री सरकारी हिशेबाचे वर्ष संपते. महोत्सवाचे उत्पन्न एका वर्षात आणि बिले दुसऱ्या वर्षात, अशी विभागणी होईल. तरी ३१ मार्चच्या रात्री, कितीही थकवा असला तरी, रोकड दोघांनी मोजून तक्त्यावर सह्या कराव्यात. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. रोकड त्या दिवशी भरता येणार नाही, म्हणून ती कोणाच्या घरी ठेवायची हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. ज्यांची बिले यायची आहेत त्यांच्याकडून रकमेचा आकडा त्याच दिवशी मागून घ्यावा व देणे म्हणून नोंदवावा. ताळा जमला नाही तर न जमलेला लिहावा. आपल्या पदरचे काही घालू नये. सप्रेम जय जिनेंद्र.”

तरुणाने पत्राच्या तिन्ही प्रती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. ‘मोजून, तपासून, फरकांसह स्वीकारले’ असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली. मग त्याने कोठीची किल्ली घेतली, नऊ परकी ताटे पिशवीत भरली, आणि ज्या ताटांवर नावे वाचता येत होती त्या घरांकडे तो निघाला.